ग्राफिक्स कार्डची शीळ फुकटात थांबते, वाकलेलं कार्ड मात्र महागात पडतं

गेम सुरू केला की कॅबिनेटमधून बारीक शीळ ऐकू येते. काचेतून आत पाहिलं तर कार्डाचं एक टोक खाली आलेलं दिसतं. मोठं कार्ड नव्यानं घेतलेल्यांच्या या दोन नेहमीच्या तक्रारी, आणि दोन्हींवर दुकानातून येणारं उत्तरही एकच: ‘आणून ठेवा, बघून सांगतो.’

लगेच उचलून नेऊ नका. तुम्ही सुप्यात असाल तर नगर पस्तीसेक किलोमीटरवर आणि पुणं त्याच्या दुपटीहून लांब. कंपन्यांची सर्व्हिस सेंटर्स बहुधा पुण्यात असतात. एक तपासणी म्हणजे एक अख्खा दिवस, आणि कार्ड तिथे ठेवलं तर परत आणायला दुसरा. त्याआधी एवढं लक्षात ठेवा. शिळेनं कार्ड बिघडत नाही, ती घरबसल्या आणि फुकटात बरीच कमी होते. झुकलेलं कार्ड आवाज न करता खराब होतं आणि त्याची तूटफूट वॉरंटीत बसत नाही. म्हणून आवाजावर पैसे घालवू नका. झुकण्यावर तीन-चारशे रुपये खर्च करा, आणि लवकर करा.

आवाज नक्की कशाचा?

कॅबिनेटमध्ये आवाज करणाऱ्या तीन जागा असतात: कार्डावरच्या कॉइल, कार्डाचे पंखे आणि एसएमपीएस. उपाय तिघांचे वेगळे, त्यामुळे आधी ओळख पटवा. यासाठी दहा मिनिटं पुरतात.

गेम उघडा, मेन्यूवर थांबा आणि स्क्रीनवर एफपीएसचा आकडा चालू करा. मेन्यूमध्ये शीळ मोठी आणि प्रत्यक्ष खेळात बदललेली, किंवा आकडा वर-खाली होताना सूरही वर-खाली होत असेल, तर ती कॉइल. यालाच कॉइल व्हाइन म्हणतात.

मग `MSI Afterburner` हे फुकट सॉफ्टवेअर उघडा आणि पंख्याचा वेग हातानं 30 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर न्या. वेगाबरोबर घरघर किंवा टकटक वाढली तर दोष पंख्याच्या बेअरिंगचा आहे. हा खरा बिघाड, आणि वॉरंटीत असाल तर कंपनीनं तो दुरुस्त करून द्यायला हवा. तेव्हा थेट शेवटच्या दोन भागांकडे जा.

कॉम्प्युटर बंद आहे, पण वायर प्लगमध्ये आहे आणि तरी किरकिर येते? मग कार्डाचा त्यात काही संबंध नाही. तो एसएमपीएस, यूपीएस किंवा इन्व्हर्टर.

तरीही कळत नसेल तर फॉइल पेपर संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी घ्या. एक टोक कानाला, दुसरं कॅबिनेटची बाजू उघडून कार्डापासून वीतभर अंतरावर, मग एसएमपीएसच्या जाळीजवळ. ज्या जागी आवाज एकदम मोठा होतो, ती जागा. नळी पंख्याच्या पात्यांत जाऊ देऊ नका.

शीळ का येते आणि फुकटात कशी थांबते

कार्डाला वीज पुरवणाऱ्या भागात छोट्या चौकोनी डब्यांसारखे चोक असतात. त्यांत तांब्याची कॉइल असते. प्रवाह कमी-जास्त झाला की चुंबकीय बलानं ती कॉइल किंचित थरथरते. हे सर्किट स्वतः सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतं, ते आपल्याला ऐकू येत नाही. पण कार्डावरचा भार प्रत्येक फ्रेमबरोबर चढतो-उतरतो. मेन्यूमध्ये चित्र जवळपास स्थिर असतं, म्हणून कार्ड सेकंदाला हजार-हजार फ्रेम काढत सुटतं. सेकंदाला हजार वेळा थरथरणारी वस्तू माणसाच्या कानाला स्पष्ट ऐकू येते. तीच तुमची शीळ.

म्हणून पहिला उपाय म्हणजे फ्रेमला लगाम घालणं. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर `NVIDIA Control Panel` उघडा, `Manage 3D settings` मध्ये जा, `Max Frame Rate` चालू करा. मॉनिटर 60 हर्ट्झचा असेल तर 60 टाका. 144 हर्ट्झचा असेल तर तीन-चार कमी, म्हणजे 140 किंवा 141. एएमडीच्या कार्डासाठी `AMD Software` मध्ये `Frame Rate Target Control` शोधा आणि हाच आकडा द्या. मॉनिटर दाखवू शकत नाही इतक्या फ्रेम काढून तुम्हाला काहीच मिळत नव्हतं, त्यामुळे गमावण्यासारखंही काही नाही. खोलीतली उष्णता आणि वीजबिल दोन्ही थोडं उतरतं, तो वरचा फायदा.

एवढ्यानं मेन्यूतली शीळ बहुधा जाते. जड गेममध्ये कार्ड पूर्ण जोरात चालतं तेव्हा थोडी उरली, तर दुसरा उपाय करा. `MSI Afterburner` मध्ये `Power Limit` ची पट्टी 100 वरून 85 वर आणा आणि `Apply` दाबा. 200 वॉटचं कार्ड आता 170 वॉटवर थांबेल. खेळाचा वेग जरासा कमी होतो, बहुतेकांना जाणवतही नाही. पट्टी पुन्हा 100 वर नेली की सगळं पूर्ववत. यात काही बिघडत नाही आणि वॉरंटीलाही धक्का लागत नाही.

या दोन्हींनंतर जी शीळ उरेल तिच्यासोबत राहायला शिका. कॅबिनेट टेबलावरून खाली, कानापासून लांब ठेवा, मागे भिंतीपासून हवेला जागा सोडा. त्यापुढे खर्च करण्यात अर्थ नाही.

सुप्यातला आणखी एक संशयित: इन्व्हर्टर

लाइट गेल्यावर कॉम्प्युटर घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर हा भाग नीट वाचा. स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह देतात. बरेच यूपीएस बॅटरीवर गेले की साइन वेव्हची नक्कल देतात. आजच्या एसएमपीएसला अशी वीज मानवत नाही. तो गुणगुणतो, कधी लाइट जाता क्षणी कॉम्प्युटरच बंद पाडतो.

तपासणी सोपी आहे. महावितरणची वीज असताना ऐका, मग मेन स्विच पाडून इन्व्हर्टरवर ऐका. फक्त इन्व्हर्टरवर आवाज येत असेल तर कार्ड निर्दोष आहे. अशा वेळी नवं कार्ड किंवा नवा एसएमपीएस विकणाऱ्याचं ऐकू नका. इन्व्हर्टरवर गेम खेळणं थांबवा. बॅटरीवर फक्त काम सेव्ह करून कॉम्प्युटर बंद करा. पुढे कधी इन्व्हर्टर बदलाल तेव्हा ‘प्युअर साइन वेव्ह’ लिहिलेलाच घ्या.

शिळेच्या नावावर लावले जाणारे चार्ज

‘चिप रिबॉलिंग करावं लागेल’: कॉइलच्या शिळेसाठी याची कधीच गरज नसते. रिबॉलिंग म्हणजे मुख्य चिप काढून पुन्हा बसवणं. चिपचा आणि शिळेचा संबंध नाही, आणि चांगलं कार्ड यातून मरू शकतं.

‘कॉइलवर ग्लू टाकून देतो’: तुम्ही केलं किंवा दुकानात करून घेतलं, तरी छेडछाड दिसली म्हणून वॉरंटी नाकारायला कारण मिळतं. वॉरंटी संपलेल्या कार्डावरसुद्धा याची खात्री नाही.

‘एसएमपीएस बदला’: कधी फरक पडतो, पुष्कळदा पडत नाही. मित्राचा एसएमपीएस एका संध्याकाळपुरता आणून लावून पाहा. फरक ऐकू आला तरच पैसे काढा. आणि स्वतःचा एसएमपीएस उघडून आत काही चिकटवायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जबर झटका देण्याइतकी वीज उरू शकते.

कार्ड का झुकतं आणि नुकसान कुठे होतं

उभ्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड उभा असतो आणि कार्ड त्यातून आडवं बाहेर येतं. त्याला धरणारे फक्त दोन: मदरबोर्डवरचा स्लॉट आणि मागच्या पट्टीचे दोन स्क्रू. दोन पंख्यांची साधी कार्डं किलोच्या आत असतात, तीन पंख्यांची बरीच कार्डं त्यापुढे जातात, आरटीएक्स 4090 सारखी दोन किलोंच्याही वर. स्क्रू थोडे सैल असतील किंवा कॅबिनेटचा पत्रा पातळ असेल तर पंख्यांकडचं मोकळं टोक खाली येतं.

कार्ड दिसायला टोकाला वाकतं, पण ताण येतो तो स्लॉटजवळ. स्लॉटच्या शेवटी कार्ड अडकवून ठेवणारी एक छोटी खिट्टी असते. तिथेच कार्डाच्या पट्टीत खाच असते आणि त्या कोपऱ्यात बारीक तडा जातो. 2023 मध्ये आरटीएक्स 4090 कार्डं याच जागी तडकून दुरुस्तीवाल्यांकडे आली होती. आतल्या थरांतल्या तारा तुटल्या की दुरुस्ती अवघड आणि पुष्कळदा अशक्य. कंपनी याला ग्राहकाकडून झालेलं नुकसान धरते, आरएमएच्या भाषेत ‘सीआयडी’. हा शिक्का बसला की तीन वर्षांची वॉरंटी उरली असली तरी उपयोग नाही.

जागेवर राहून तडा सहसा हळू जातो, गाडीच्या धक्क्यांनी लवकर. कार्ड आत ठेवून कॅबिनेट कारच्या डिकीतून किंवा एसटीतून नेणं हा सगळ्यात महाग शॉर्टकट. पुण्याहून जोडलेला कॉम्प्युटर आणत असाल तर कार्ड काढून त्याच्या मूळ खोक्यात वेगळं द्यायला सांगा.

तडा गेलाय का, याच्या तीन खुणा आहेत. चालू असताना कॅबिनेटला धक्का लागला की स्क्रीन काळी होते. कार्ड कधी दिसतं, कधी गायब होतं. आणि `GPU-Z` मधल्या `Bus Interface` मध्ये `x16` ऐवजी `x8` किंवा `x4` दिसतं. ही शेवटची खूण जपून वाचा. आरटीएक्स 4060 किंवा आरएक्स 7600 सारखी काही कार्डं मुळातच `x8` असतात, आणि काही मदरबोर्डवर दुसरी एसएसडी लावली की रुंदी अर्धी होते. ओळीत `@` च्या आधी कार्डाची क्षमता असते, नंतर सध्याची स्थिती. दोन्हींतला `x` चा आकडा जुळला पाहिजे. `x` पुढचा `1.1` किंवा `4.0` हा वेग कार्ड रिकामं असताना आपोआप खाली जातो, त्यानं घाबरू नका.

कार्ड सरळ कसं कराल: अर्धा तास, एक स्क्रूड्रायव्हर

आधी मोजा. कॅबिनेट सपाट फरशीवर उभं ठेवा. कार्डाच्या खालच्या कडेपासून कॅबिनेटच्या तळापर्यंतचं अंतर दोन ठिकाणी पट्टीनं घ्या: मागच्या स्क्रूंजवळ आणि मोकळ्या टोकाजवळ. ढोबळ हिशेब असा: फरक दोन-तीन मिलिमीटरचा असेल तर स्क्रू घट्ट करून भागतं, पाचच्या पुढे असेल तर आधार द्याच.

आता कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. बाजूची काच काढा आणि कॅबिनेट असं आडवं झोपवा की मदरबोर्ड खाली आणि कार्ड सरळ उभं राहील. सगळ्या कामाची किल्ली इथेच आहे. या स्थितीत वजन कार्डाला वाकवत नाही, थेट स्लॉटमध्ये बसवतं.

मागचे दोन्ही स्क्रू एक-दीड फेरा सैल करा, काढू नका. कार्डाच्या वरच्या कडेवर दोन्ही हातांनी सारखा, हलका दाब द्या म्हणजे ते स्लॉटमध्ये पूर्ण बसेल. आता स्क्रू आळीपाळीनं घट्ट करा. कॅबिनेट उभं करा आणि पुन्हा मोजा. नुसत्या स्क्रूंच्या सैलपणामुळे आलेला झुकाव इथेच सुटतो, एक रुपयाही न घालता.

कार्ड पूर्ण काढायची वेळ आली तर स्क्रू काढल्यावर स्लॉटची खिट्टी आधी दाबा, मगच ओढा. खिट्टी विसरून ओढलेलं कार्ड त्याच कोपऱ्यात तडकतं.

आधार किती रुपयांचा?

आधी कार्डाचं खोकं पुन्हा बघा. मोठ्या कार्डांबरोबर आधाराची पट्टी किंवा खांब पुष्कळदा आलेला असतो आणि तो तसाच पडून राहतो. नसेल तर स्क्रूनं उंची कमी-जास्त होणारा, खाली चुंबक असलेला खांब ऑनलाइन साधारण ₹250 ते ₹800 मध्ये मिळतो. लाइटवाला किंवा काचेचा ₹1,500 पर्यंत जातो. काम दोन्ही सारखंच करतात, स्वस्त घ्या.

तेही नको असेल तर मोजलेल्या उंचीचा लाकडाचा तुकडा सुताराकडून कापून घ्या, दोन्ही टोकांना खुर्चीच्या पायांना लावतात ते फेल्ट चिकटवा. पुठ्ठा वापरू नका, तो दबतो. थर्माकोल गरम कार्डाखाली ठेवू नका. लोखंडी सळईचं उघडं टोक कार्डाच्या सर्किटला लागता कामा नये.

खांब मोकळ्या टोकाच्या चौकटीखाली लावा, पंख्याच्या पात्यांखाली नाही आणि वायरखाली नाही. टेकेपर्यंत वर न्या, मग पाव फेरा, बस. कार्ड पातळीच्या वर उचललंत तर ताण उलट्या दिशेनं त्याच स्लॉटवर येतो.

उभं कार्ड बसवणारी किट आणि रायझर केबल मिळून काही हजारांत जातात. शोभेसाठी हवी असेल तर घ्या. झुकण्यावर तेवढ्या खर्चाची गरज नाही, शिवाय हलकी केबल नवा बिघाड आणते आणि कार्ड काचेला खेटलं तर तापतं.

एक हिशेब करून पाहू

समजा, तुमचं कार्ड तीन पंख्यांचं, दीड किलोच्या आतबाहेर, मॉनिटर 144 हर्ट्झचा. मेन्यूत 1,100 फ्रेम आणि कर्कश शीळ. स्क्रूंजवळ उंची 96 मिलिमीटर, टोकाला 89. म्हणजे सात मिलिमीटरचा झुकाव.

फ्रेम 141 वर बांधल्या की मेन्यूतली शीळ गेली: ₹0. जड गेममधली उरलेली शीळ `Power Limit` 85 केल्यावर सहज लक्षात न येण्याइतकी झाली: ₹0. कॅबिनेट आडवं करून स्क्रू घट्ट केले, झुकाव चारवर आला: ₹0. साधा खांब लावला, फरक एकाच्या आत: ₹350. एकूण ₹350 आणि एक संध्याकाळ.

आता दुकानाचा रस्ता धरा. तपासणीचे ₹300 ते ₹500, दोन खेपांचं भाडं, दोन दिवसांचा खाडा. दुकानानं कार्ड पुढे कंपनीकडे कुरिअर केलं तर त्याचे वेगळे, आणि कार्ड दोन-तीन आठवडे बाहेर. उत्तर बहुधा एकच येतं: ‘आवाज नॉर्मल आहे.’ बहुतेक कंपन्या साध्या कॉइल व्हाइनला दोष मानत नाहीत.

तरीही न्यायचंच असेल तर

दोन वेळी जा: कार्ड अगदी नवं असेल तेव्हा, आणि बिघाड खरा असेल तेव्हा.

कार्ड नवं असेल तर शिळेसाठी तुमची मोठी संधी बदलून देण्याच्या मुदतीतच असते. ऑनलाइन घेतलं असेल तर ही मुदत ऑर्डरच्या पानावर लिहिलेली असते, सहसा आठवडा-दहा दिवस. ती संपायच्या आत अर्ज करा, नंतर भांडून उपयोग होत नाही. म्हणून कार्ड आल्याच्या पहिल्याच दिवशी जड गेम लावून ऐका.

सोबत हे न्या: सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल, सिरियलचा स्टिकर असलेलं मूळ खोकं, आतली अँटिस्टॅटिक पिशवी, खोकं उघडतानाचा व्हिडिओ. आवाजाचा किंवा बिघाडाचा एक व्हिडिओ वेगळा काढा, त्यात एफपीएसचा आकडा दिसला पाहिजे. बिल नसेल तर कार्ड बनल्याच्या तारखेपासून वॉरंटी मोजली जाऊ शकते, म्हणजे काही महिने हातचे गेले.

काउंटरवर कार्ड देण्याआधी स्लॉटच्या पट्टीचा आणि खाचेचा जवळून फोटो काढा, तोही तिथल्या माणसासमोर. पावतीवर ‘फिजिकल डॅमेज नाही’ असं लिहून घ्या. पुढे ‘तडा तुमच्याकडचाच’ असं कुणी म्हटलं तर हाच कागद कामी येतो. तपासणीचा चार्ज किती, दुरुस्ती झाली नाही तरी द्यावा लागेल का, कुरिअर कुणाच्या खर्चानं, हे तीन प्रश्न आधी विचारा आणि उत्तरं पावतीवर घ्या.

वॉरंटीत असून नाकारलं तर

पंख्याचं बेअरिंग गेलंय, कार्ड दिसत नाही, तडा नाही, तरी टोलवाटोलवी चालली असेल तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवा. फोन फुकट आहे. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

त्यानं सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे कार्ड पुण्यातून किंवा ऑनलाइन घेतलं असलं तरी सुप्याच्या माणसाला अहिल्यानगरचा आयोग चालतो. दिलेली किंमत ₹5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो आणि तो `e-jagriti.gov.in` वरून घरबसल्या भरता येतो. बिल, पावती, फोटो आणि कंपनीचं नकाराचं पत्र जोडा. नकार फोनवर ऐकू नका, ईमेलवर मागून घ्या. कागदावर नसलेला नकार सिद्ध करणं अवघड जातं.

नुसत्या शिळेसाठी मात्र आयोगाच्या दारात जाऊ नका. तिथे हातात ठोस काही नसतं, आणि `Max Frame Rate` चा आकडा बदलायला लागतात ती दोनच मिनिटं.